आधी पाऊस वजा करा: आंब्याच्या खोडांवरून साताऱ्याची हवा वाचताना

खोडांवरच्या दगडफुलांवरून गावाची हवा जोखायची ही पाहणी पहिल्यांदा केली तेव्हा मी कासच्या रस्त्यावरची चार झाडं बघितली आणि मग खाली उतरून साताऱ्यात पोवई नाक्याजवळची चार. वरच्या झाडांच्या फांद्यांवरून दगडफुलांचे झुपके लोंबत होते, खालच्या खोडांवर राखाडी ठिपक्यांपलीकडे काही नव्हतं. मी वहीत लिहून टाकलं की शहराची हवा अत्यंत खराब आहे. तो निष्कर्ष चुकीचा होता. हवा चांगली होती असं मला म्हणायचं नाही, पण माझ्या आठ झाडांवरून तिच्याबद्दल काहीच ठरत नव्हतं. कासला ढग झाडांत शिरतात आणि पाऊस साताऱ्याच्या कितीतरी पट पडतो. मी हवा मोजतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात पाऊस मोजत होतो.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसलेल्या वाई, सातारा, कराड, कोल्हापूर अशा प्रत्येक गावाला हीच अडचण आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे दहा-पंधरा किलोमीटर गेलं की पाऊस झपाट्याने घटतो, आणि दगडफुलं पावसाप्रमाणे बदलतात. म्हणून नव्याने पाहणी करणाऱ्यांसाठी हा लेख दगडफुलं ओळखण्यापेक्षा आखणीवर जास्त थांबणार आहे. उदाहरणाला सातारा घेतला आहे.

खोडावर काय शोधायचं

गोड्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल काढून बघा. वरून राखाडी, खालून काळं, कडा लहरी. ते पार्मोट्रेमा नावाच्या गटातलं असतं. एक बुरशी आणि तिच्या आत राहणारं शैवाल मिळून हा एक जीव बनतो. त्याला मुळं नसतात आणि झाडाच्या पानावर असतो तसा मेणाचा थरही नसतो. पाऊस, दव आणि धूळ यांतून जे येईल ते तो सगळ्या अंगाने शोषतो. गंधकाचा धूर ओल्या दगडफुलात विरघळला की आतल्या शैवालातलं हरितद्रव्य मोडतं आणि दगडफूल पांढरट पडत मरतं. शहराच्या हवेत दगडफुलं टिकत नाहीत हे पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुलं अभ्यासताना विल्यम निलांडर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६६ मध्येच नोंदवलं होतं.

खोडावर यांची तीन रूपं दिसतील. पहिलं सालीला रंग फासल्यासारखं चिकटलेलं, जे नखाने सुटत नाही. दुसरं पानासारखं, ज्याच्या कडा थोड्या उचलता येतात. तिसरं दाढीसारखं किंवा झुपक्यासारखं. साताऱ्यासारख्या गावात पहिली दोन रूपं भेटतात. तिसरं बहुतेक घाटाच्या बाजूला.

नवख्या माणसाला रंगाचे शिंतोडे, चुन्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा आणि दगडफूल यांत गोंधळ होतो. सोबत पाण्याची फवारणी बाटली ठेवा. फवारा मारल्यावर अर्ध्या मिनिटात डागाला हिरवट छटा आली तर ते जिवंत दगडफूल, कारण ओलं झालं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. रंग आणि चुना फक्त ओले होतात. पावसाळ्यानंतर सावलीच्या बाजूला जी हिरवी भुकटी दिसते ते नुसतं शैवाल असतं, ते मोजायचं नाही.

आंब्यावर सर्वांत जास्त गल्लत होते ती दोन राखाडी पानांची. एक पिक्सिन कोकोस, दुसरं डिरिनारिया. दोन्ही खोडाला घट्ट चिकटून गोल पसरतात आणि दोन्हींवर पिठासारखी भुकटी असते. नोटा तपासायच्या जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चने हे सोपं होतं. अंधारात किंवा काळ्या कापडाखाली टॉर्च धरली की पिक्सिन कोकोस पिवळं चमकतं, शहरी झाडांवर नेहमी भेटणारं डिरिनारिया चमकत नाही. खालून बघितलं तर पिक्सिनला काळे केसांसारखे धागे असतात, डिरिनारियाला नसतात. टॉर्च डोळ्यांवर मात्र मारू नका.

बाकीच्यांची शास्त्रीय नावं पहिल्या वर्षी आली नाहीत तरी चालेल. प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या प्रकाराला एक नाव द्या, जसं ‘राखाडी पान १’ किंवा ‘पिवळी भुकटी’, त्याचा भिंगातून फोटो काढा आणि सगळ्या गटाने तोच अल्बम वापरा. दोन गटांनी एकाच दगडफुलाला दोन नावं दिली तर मोजणी बिघडते. नाव माहीत नसल्याने ती बिघडत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांवर अनेक दशकं काम झालं आहे. पुढे नावं पक्की करायची झाली तर तिथल्यासारख्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून बघावी लागतात.

एकच झाड, आणि ते आंब्याचं का

साल हीच दगडफुलाची जमीन. ती किती आम्ल आहे, किती पाणी धरते, किती वर्षं टिकते यावर तिथे काय उगवेल ते ठरतं. निलगिरी, पेरू आणि अर्जुन साल टाकतात, त्यामुळे दगडफूल मोठं होण्याआधीच त्याची जमीन गळून पडते. एका गल्लीत कडुनिंब आणि दुसऱ्या गल्लीत गुलमोहर मोजलात तर दोन साली मोजल्या जातील, दोन हवा नाहीत.

मी आंबा घेतो. त्याची साल खरबरीत असते, लवकर गळत नाही, आणि शाळेच्या मैदानापासून शेताच्या बांधापर्यंत तो सगळीकडे मिळतो. पिक्सिन कोकोस आंब्यावर छान वाढतं, आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी हवेतल्या जड धातूंचा माग काढायला त्याचा बराच उपयोग केला आहे. आंबा मिळाला नाही म्हणून ऐनवेळी दुसरं झाड घ्यायचं नाही. दुसरी जात हवीच असेल तर ती पूर्ण गावभर वेगळी मोजा आणि तिचे आकडे आंब्याच्या आकड्यांत मिसळू नका.

झाड निवडताना माझ्या अटी अशा आहेत. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, घेर ८० ते २०० सेंटिमीटर असावा. खूप कोवळ्या झाडावर दगडफुलांना वेळच मिळालेला नसतो, आणि फार जुन्या झाडाची साल फुटून कप्पे पडलेले असतात. खोड सरळ असावं. कलंडलेल्या खोडाची वरची बाजू पावसात भिजते आणि खालची कोरडी राहते, म्हणून १० अंशांहून जास्त कलतं झाड सोडून द्यावं. मोजायच्या भागात जखम, गाठ, डिंकाचा ओघळ किंवा चौथ्या हिश्शाहून जास्त शेवाळ नको. दाट आमराईच्या पोटातलं झाड नको, कारण तिथे ऊन पोचत नाही. अशा आमराईच्या कडेचं चालेल.

चुना आणि गेरू

युरोपात तयार झालेल्या पद्धतीत खोडावर १ ते १.५ मीटर उंचीच्या पट्ट्यात मोजतात. आपल्याकडे नेमक्या त्याच पट्ट्यात चुना आणि गेरू फासलेला असतो. चुना दगडफुलांना झाकतो आणि सालीचा आम्लपणाही पुसून टाकतो. त्यामुळे रंग धुऊन गेल्यावरसुद्धा तिथे वेगळीच, चुना सोसणारी दगडफुलं येतात. पाच वर्षांपूर्वीचा चुना डोळ्यांना दिसत नाही, पण सालीच्या भेगांत पांढरी रेघ राहते. भिंगाने भेगा बघा.

म्हणून आखणी करण्याआधी एक सकाळ फक्त गावातून फिरण्यात घालवा. वाटेत दिसतील तेवढे आंबे मोजा आणि त्यातले किती रंगवलेले आहेत ते लिहा. एक-दोनच असतील तर ती झाडं वगळा. तिसऱ्या हिश्शाहून जास्त असतील तर मोजणीचा पट्टा वर न्या, १.५ ते २ मीटर. पण मग तो सगळ्या झाडांवर वर न्यायचा, न रंगवलेल्यांवरसुद्धा. स्टूल बाळगावं लागतं, पण त्याचा एक फायदाही होतो. कुत्र्यांचं मूत्र, रस्त्यावरून उडणारा चिखल आणि पायथ्याची धूळ या उंचीवर कमी पोचते. साताऱ्यात मी हाच पट्टा धरतो.

नकाशा आणि जोड्या

साताऱ्याचा नकाशा घ्या. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, दक्षिणेला अजिंक्यतारा, पूर्वेला महामार्ग आणि त्यापलीकडे कृष्णा-वेण्णेच्या संगमाची बाजू. या मधल्या भागावर एक किलोमीटर बाजूचे चौरस आखा. पूर्व-पश्चिम सहा आणि उत्तर-दक्षिण चार धरले तर २४ होतात. सगळे करायची गरज नाही. बुद्धिबळाच्या पटावर एक सोडून एक घर घेतात तसे १२ घ्या.

प्रत्येक चौरसात सहा झाडं. त्यातली तीन रस्त्याची, म्हणजे बस आणि ट्रक जातात अशा रस्त्यापासून १५ मीटरच्या आत. तीन आतली, म्हणजे अशा कोणत्याही रस्त्यापासून किमान १०० मीटर दूर. ही जोडी या आखणीचा कणा आहे. एकाच चौरसातल्या रस्त्याच्या आणि आतल्या झाडावर पडणारा पाऊस सारखाच असतो. त्यांच्यात जो फरक दिसेल त्याचा दोष पावसावर टाकता येणार नाही.

झाड निवडायचा नियम घरी बसून ठरवा: चौरसाच्या मध्यबिंदूपासून सर्वांत जवळचं, अटीत बसणारं झाड. नियम नसला तर आपला हात नकळत दगडफुलांनी भरलेल्या खोडाकडे जातो. एखाद्या चौरसात अटीत बसणारा आंबाच नसेल तर नकाशावर ‘झाड नाही’ असं लिहा. शून्य लिहू नका. शून्य म्हणजे खोड होतं आणि त्यावर काही नव्हतं. बाजारपेठेत आणि रुंद केलेल्या रस्त्यांवर ही वेळ नक्की येते, आणि ‘झाड नाही’च्या जागी शून्य टाकल्यामुळे गावाच्या मध्यभागी वाळवंट दाखवणारे नकाशे तयार होतात.

आता गावाबाहेरच्या तुलनेच्या जागा. इथेच मी चुकलो होतो. एक स्वच्छ जागा पुरत नाही, तीन लागतात. उत्तरेला लिंबच्या बाजूची, कारण ती साधारण साताऱ्याच्याच पाऊसरेषेवर आहे. तिथली बारा मोटांची विहीर आमराईच्या पाण्यासाठी बांधली असं सांगतात, त्यामुळे आंब्यांचा तोटा पडू नये. महामार्गापासून किमान एक किलोमीटर आत जा. पश्चिमेला सज्जनगडाच्या पायथ्याचं परळी. कास नको, कारण तिथे पावसासोबत उंचीही बदलते. पूर्वेला कोरेगावची बाजू, जिथे पाऊस कमी होत जातो. या तिन्ही जागी सहा-सहा झाडं, सगळी आतली. उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवतात, म्हणून शेताला लागून असलेली झाडं टाळा, आणि कारखान्याच्या धुराड्यापासून लांब राहा. गोठ्याशेजारचं झाडही नको. शेण-मूत्रातून उठणाऱ्या अमोनियामुळे तिथे फिस्कियासारखी नत्र आवडणारी दगडफुलं दाटीने वाढतात.

परळी, लिंब आणि कोरेगाव मिळून तुम्हाला सांगतील की हवा बरी असताना, फक्त पावसामुळे, आंब्याच्या खोडावर किती फरक पडतो.

गावातली ७२ आणि बाहेरची १८ अशी ९० झाडं झाली. एका झाडाला झाड गाठण्यासकट अर्धा-पाऊण तास लागतो. दोघांचा एक गट दिवसाला आठ झाडं नीट करतो. दोन गट असतील तर सहा दिवस, म्हणजे तीन शनिवार-रविवार.

शिडी

जाड प्लास्टिकची पट्टी किंवा तार घेऊन १० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच चौकट बनवा. तिला आडव्या दोऱ्या बांधून १० बाय १० ची पाच घरं करा. हिला आम्ही शिडी म्हणतो. ती खोडाला इलॅस्टिकने बांधायची. खिळा मारायचा नाही.

होकायंत्राने उत्तर काढा. शिडीचं खालचं टोक ठरलेल्या उंचीवर येईल अशी ती उत्तर बाजूला बांधा. प्रत्येक प्रकार पाचपैकी किती घरांत दिसतो ते लिहा. घरात एक ठिपका असला तरी एक, आणि घर भरलेलं असलं तरी एकच. किती टक्के जागा व्यापली याचा अंदाज मागितला तर दोन माणसं दोन उत्तरं देतात, ‘आहे की नाही’ यावर भांडण कमी होतं. मग पूर्व, दक्षिण, पश्चिम. नेमक्या दिशेला जखम असेल तर शिडी थोडी सरकवा आणि तसं लिहा. २० अंशांहून जास्त सरकवावी लागली तर ती बाजू गाळा.

एका झाडाचा हिशेब असा होतो. उत्तरेला पिक्सिन ४ घरांत, चिकटलेलं राखाडी ३ घरांत, रेघोट्यांचं ग्राफिस १ घरात, एकूण ८. पूर्वेला पिक्सिन ३, राखाडी २, एकूण ५. दक्षिणेला राखाडी २. पश्चिमेला पिक्सिन ४, राखाडी २, एकूण ६. चारही मिळून २१. हे या झाडाचे गुण. रस्त्याच्या तीन झाडांची सरासरी म्हणजे त्या चौरसाचे रस्त्याचे गुण, आतल्या तिघांची सरासरी म्हणजे आतले गुण.

कागदावर आणखी काही गोष्टी हव्यातच. घेर, चुन्याच्या खुणा, सावली, जवळचा रस्ता किती अंतरावर, जवळ चहाची टपरी, कचरा जाळायची जागा किंवा वीटभट्टी आहे का. तीन झाडांपैकी एकाचे गुण बाकीच्यांच्या निम्मे आले की कारण बहुतेक याच रकान्यात सापडतं. पांढरट किंवा गुलाबी पडलेली, कडेने उकललेली दगडफुलं दिसली तर तेही लिहा, पण गुणांत धरताना जिवंत भाग असेल तरच धरा.

कधी जायचं

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दगडफुलं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, म्हणून महिन्याने फरक पडत नाही. पण सगळी झाडं एकाच टप्प्यात करा, आणि दव वाळल्यावर सुरू करा. ओली दगडफुलं हिरवट दिसतात आणि काल कोरडी बघितलेली आज नवीन वाटतात.

इथे एक मर्यादा समजून घ्यायला हवी. कोरडं दगडफूल जवळपास झोपलेलं असतं. दख्खनच्या पठारावर ते जागं असतं ते पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या दवाच्या सकाळी. म्हणून त्याच्यावरचा परिणाम मुख्यतः त्या ओल्या तासांतल्या हवेचा. एप्रिल-मेच्या दुपारची धूळ तुमच्या छातीत जाते, पण दगडफूल त्या वेळी फारशी नोंद घेत नाही. ती धूळ सालीवर बसून राहते आणि पहिल्या पावसात विरघळून त्याच्यापर्यंत पोचते, तेवढाच तिचा भाग. हवेच्या यंत्राशी दगडफुलांचे आकडे जुळले नाहीत, तर या कारणाचा आधी विचार करा.

दोन जोड्या डोळे

दर दहा झाडांमागे एक झाड दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे करावं, एकमेकांचा कागद न बघता. एकाचे गुण २० आणि दुसऱ्याचे १९ आले तर ठीक. २० आणि १३ आले तर थांबा आणि दोघांनी एकत्र त्या झाडापाशी जा. बहुतेक वेळा खोडाला चिकटलेली फिकट दगडफुलं एकाला साल वाटलेली असतात. दोन गटांमधला फरक दोन चौरसांमधल्या फरकाहून मोठा असेल तर नकाशा गटांचा होतो, गावाचा नाही. म्हणूनच एका गटाला पूर्व आणि दुसऱ्याला पश्चिम देऊ नका. दोघांनी दोन्हीकडे थोडं थोडं करावं.

हिशेब कसा वाचायचा

शिकण्यासाठी मी घेतलेले आकडे खाली आहेत. हे साताऱ्याचे मोजलेले आकडे नाहीत. समजा बाहेरच्या जागी सरासरी गुण आले परळी ४४, लिंब ३१, कोरेगाव २२. गावातल्या तीन चौरसांचे असे:

| चौरस | रस्त्याची झाडं | आतली झाडं |
|---|---|---|
| पश्चिमेचा | १८ | ३० |
| मधला | ९ | २० |
| पूर्वेचा | ७ | १० |

नुसते रस्त्याचे आकडे बघितले तर वाटेल की पश्चिम मधल्या भागाच्या दुप्पट चांगली आहे आणि पूर्व मधल्या भागासारखीच आहे. आता पाऊस वजा करू.

मधला चौरस लिंबच्या पाऊसरेषेवर, म्हणून तिथे हवा बरी असती तर ३१ च्या आसपास अपेक्षा. पश्चिमेचा चौरस गावाच्या मध्यापासून परळीच्या दिशेने साधारण पाव वाटेवर, म्हणून ३१ आणि ४४ यांच्यात पाव अंतर पुढे, म्हणजे ३४. पूर्वेचा कोरेगावच्या दिशेने सहाव्या हिश्शावर, म्हणून ३१ मधून दीड वजा, साधारण ३०. हे ढोबळ आहे, पाऊस सरळ रेषेत घटत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

अपेक्षेतून आतल्या झाडांचे गुण वजा करा. पश्चिमेला ४ ची तूट, मध्ये ११ ची, पूर्वेला २० ची. ही त्या भागाच्या एकूण हवेची तूट. मग आतल्या झाडांतून रस्त्याची झाडं वजा करा. पश्चिमेला १२, मध्ये ११, पूर्वेला ३. ही रस्त्याची तूट.

चित्र बदललं. पश्चिमेच्या रस्त्यावरची वाहनं दगडफुलांचं मधल्या भागाइतकंच नुकसान करतात, तिथे फक्त पाऊस जास्त असल्याने ते झाकलं गेलं होतं. आणि पूर्वेला रस्त्याजवळ किंवा दूर, सगळीकडेच दगडफुलं कमी आहेत. तिथे कारण एका रस्त्याचं नसून सगळ्या भागावर पसरलेलं आहे.

पूर्वेला लगेच कोणाकडे बोट दाखवू नका. आधी कागद काढा. तिथली सहाही झाडं घेराने लहान आहेत का? नवीन वसाहतीत आंबे दहा-पंधरा वर्षांचेच असतात. बाहेरून आणून लावलेली आहेत का? सगळ्या ९० झाडांचे घेर आणि गुण आलेख कागदावर मांडा. घेर वाढला की गुण वाढतात असं स्पष्ट दिसलं तर फक्त सारख्या घेराची झाडं घेऊन तुलना पुन्हा करा. सावलीचंही तसंच. घेर आणि सावली बाजूला काढल्यावरही २० ची तूट टिकली तर त्या चौरसात आणखी सहा झाडं मोजा. तीन झाडांची सरासरी एका विचित्र झाडाने सहज हलते.

जास्त गुण म्हणजे स्वच्छ हवा नव्हे

गुणांची बेरीज एक गोष्ट लपवते. गंधकाच्या धुराने बहुतेक दगडफुलं मरतात. पण वाहनांमधून येणारं नत्र आणि बांधकामाची, सिमेंटची धूळ काही दगडफुलांना मानवते. अशा रस्त्यावर फिस्किया आणि तिचे भाऊबंद भरून येतात आणि बेरीज वाढते. म्हणून बेरजेसोबत दुसरा रकाना ठेवा: पार्मोट्रेमासारखी मोठी, सैल कडांची पानं आणि कुठलेही झुपके, यांचेच गुण. पहिला रकाना वाढतोय आणि दुसरा शून्याकडे जातोय असं दिसलं तर हवेत बदल आहे, जरी खोड भरलेलं दिसत असलं तरी.

याच कारणासाठी परदेशी तक्ते उचलून इथे लावू नका. इंग्लंड आणि वेल्ससाठी हॉक्सवर्थ आणि रोज यांनी १९७० मध्ये दगडफुलांवरून गंधकाचं प्रमाण सांगणारा शून्य ते दहा असा तक्ता दिला. कोळशाच्या धुराच्या काळात तो चांगला चालला. नंतर तिथला गंधक कमी झाला, तेव्हा त्या धुरात फोफावलेलं लेकॅनोरा कोनिझेऑइडिस नावाचं दगडफूलच ओसरलं, आणि त्याच्या जागी नत्र सोसणारी आली. तिथल्या तिथेसुद्धा तक्ता जुना झाला. आपल्या जाती वेगळ्या, पावसाळा वेगळा, साल वेगळी. आपल्या गुणांवरून घनमीटरला इतके मायक्रोग्रॅम असा आकडा काढता येत नाही. एका भागापेक्षा दुसरा भाग वाईट आहे का, आणि काळानुसार बदलतोय का, एवढंच ते सांगतात.

पुन्हा येण्यासाठी

काळानुसार तुलना करायची असेल तर तेच झाड पुन्हा सापडायला हवं. मोबाइलवरचं स्थान पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं, आणि आवारात तीन आंबे असले की कोणता ते कळत नाही. म्हणून प्रत्येक झाडाचे दोन फोटो घ्या, एक शिडी बांधलेल्या खोडाचा आणि एक दूरून, ज्यात मागचं घर किंवा खांब दिसेल. जवळच्या न हलणाऱ्या वस्तूपासून झाडाचं अंतर आणि दिशा लिहा: ‘शाळेच्या विहिरीच्या कठड्यापासून १४ पावलं, ईशान्येला’. आवार खासगी असेल तर मालकांना काय केलं ते सांगून या आणि त्यांच्या झाडाचे गुण कागदावर लिहून द्या. या झाडाला चुना लावू नका, अशी विनंती त्याच वेळी करा. बहुतेक जण ऐकतात.

तीन ते पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, तीच उंची, त्याच चार दिशा. मधल्या काळात पाऊस कमी-जास्त झाला असेल तर परळी, लिंब आणि कोरेगावचे गुणही हलतील, म्हणून त्या अठरा झाडांना कधीही वगळू नका. जे झाड तोडलं गेलं असेल त्याच्या जागी शेजारचं घेऊ नका. त्याची ओळ रिकामी ठेवा आणि तोडल्याचं वर्ष विचारून लिहा.